बेंटोनाइट की टोफू? लिटर निवडताना ट्रे धुण्याचा विचार आधी करा

मांजरासाठी लिटर निवडताना चर्चा बहुतेक वेळा वास, धूळ आणि पंजांना चिकटून घरभर पसरणारे कण यांच्याभोवतीच फिरते. त्या बाबतीत बेंटोनाइट मातीचं लिटर आणि टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचं लिटर, यांतला फरक दोन दिवसांत कळतो. मी दोन्ही बऱ्यापैकी काळ वापरली आहेत. माझा कल ठरला तो आठवड्याला ट्रे धुताना, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी रोजचं स्कूपिंग. यात बेंटोनाइट सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. शू पडली की माती फुगते आणि दहा-पंधरा मिनिटांत घट्ट गोळा तयार होतो. लिटरचा थर पाच-सात सेंटीमीटर असेल तर गोळा तळाला न चिकटता अख्खा निघतो. याचा आणखी एक उपयोग म्हणजे गोळ्यांची संख्या आणि आकार रोज डोळ्यांसमोर राहतो. गोळे अचानक मोठे आणि जास्त दिसू लागले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि गोळा अगदी चिमुकला आहे किंवा नाहीच, असं दिसलं तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचे. टोफूचे गोळेही बनतात, पण ते मऊ असतात. घाईने उचलले तर तुटतात आणि तुकडे लिटरमध्ये मिसळतात. स्कूप तळापर्यंत घालून हळू उचलण्याची सवय झाली की निभतं, तरी बेंटोनाइटची बरोबरी होत नाही.

लिटर कोणतंही असो, शी मात्र रोज काढावीच लागते, आणि त्याचं कारण फक्त वास नाही. मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झाली असेल तर त्याची सूक्ष्म अंडी शीतून बाहेर पडतात. ती बाहेर पडल्या पडल्या संसर्ग करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना साधारण एक ते पाच दिवस लागतात. सोमवारी रात्रीची शी मंगळवारी सकाळी काढली तर धोका तयार होण्याआधीच ती पिशवीत जाते. तीच गुरुवारपर्यंत पडून राहिली तर धुळीत आणि स्कूपवर काय असेल ते सांगता येत नाही. मांजर ही अंडी बहुधा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच टाकतं, पण ते आठवडे कोणते हे घरी कळत नाही. घरात कोणी गरोदर असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. ते शक्य नसेल तर हातमोजे घालून करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

आता टोफूच्या पाकिटावरच्या मोठ्या आकर्षणाकडे येऊ: ‘टॉयलेटमध्ये फ्लश करता येतं.’ बरेच जण हे वाचूनच टोफू घेतात. मला टोफू आवडतं, पण या कारणासाठी ते घेऊ नये असं मला वाटतं. दाणे पाण्यात विरघळतात हे खरं, पण आधी ते फुगतात आणि मग सुटतात. एक गोळा बादलीभर पाण्यात टाकून पाहिलात तर हे लगेच दिसेल. फ्लशच्या थोड्याशा पाण्याबरोबर तो पाइपात गेला तर सुटायला पुरेसा वेळ आणि पाणी मिळेलच असं नाही. सेप्टिक टँक असेल तर हा सगळा चोथा तळाच्या गाळात भर घालतो. बेंटोनाइटचा तर प्रश्नच येत नाही. ते पाणी शोषून अनेक पट फुगतं आणि पाइपाच्या वळणावर जाऊन बसतं.

पण समजा पाइप मुळीच तुंबला नाही, तरी शीचा प्रश्न उरतोच. टॉक्सोप्लाझ्माच्या अंड्यांचं कवच चिवट असतं. सांडपाण्यावर नेहमी होणारी प्रक्रिया आणि क्लोरीन यांना ती दाद देतीलच असं नाही. पाण्याबरोबर ती नदीत आणि तिथून समुद्रात जातात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या समुद्री पाणमांजरांच्या मृत्यूंमागे हा परजीवी असल्याचं आढळलं आहे. मांजराची घाण फ्लश करू नका, अशी सूचना लिटरच्या पाकिटावर छापायला लावणारा कायदा तिथे २००६ साली झाला. घाण किनाऱ्यापर्यंत पोहोचायला फ्लश हा एकच रस्ता नाही. उघड्यावरची शी पावसाच्या पाण्यानेही वाहून जाते. पण फ्लश करणं आपल्या हातात आहे आणि ते थांबवता येतं.

ज्याने माझं मत ठरवलं ते यानंतर येतं. फ्लश न करणारा माणूसही आठवड्याला ट्रे धुतो, आणि धुण्याचं पाणी त्याच नळीतून जातं. बेंटोनाइटच्या ट्रेमध्ये कोपऱ्यांत आणि तळाला ओल्या मातीचा पापुद्रा बसलेला असतो. त्यावर पाणी ओतलं की तो चिकट राडा होतो, जाळीवर साचतो आणि बोटांना सोडत नाही. मग दर आठवड्याला तेच करायचं: ट्रे रिकामा करा, पापुद्रा वाळू द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं कागदाने पुसा, आणि मगच पाणी. खरवडताना तळाला चरे पडतात आणि चऱ्यांत वास मुरतो. टोफूच्या ट्रेमध्येही थर बसतो, पण तो कागदाने पुसून निघतो. जे थोडं उरतं ते पाण्यात मोकळं होतं. या एका गोष्टीमुळे माझं धुणं टळायचं थांबलं.

धुताना गरम पाणी आणि बिनवासाचा भांड्यांचा साबण पुरतो. फिनेल मांजरांना बाधतं. ब्लीच नकोच, कारण शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. लिंबाच्या वासाचा साबण असला तर बरीच मांजरं ट्रेकडे फिरकत नाहीत. ट्रे पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नवं लिटर भरू नका. टोफूच्या बाबतीत हे जास्त कटाक्षाने पाळावं लागतं, कारण ओल राहिली की त्याला बुरशी येते. दमट हवेत टोफूचा थर थोडा कमी ठेवून लवकर बदलणं मला बरं पडलं.

काढलेलं लिटर, मग ते टोफूचं का असेना, पिशवीत घट्ट बांधून, वर दुसरी पिशवी घालून कचऱ्यात जावं. वनस्पतीजन्य आहे म्हणून भाजीच्या वाफ्यात किंवा घरच्या खताच्या खड्ड्यात टाकू नये. घरचा ढीग ही अंडी मरतील इतका खात्रीने आणि सगळीकडे सारखा तापत नाही, आणि ओल्या मातीत ती कित्येक महिने टिकू शकतात.

घरात तीन-चार मांजरं असतील आणि दिवसात गोळ्यांचा ढीग पडत असेल तर बेंटोनाइटच सोयीचं पडेल, कदाचित. एक-दोन मांजरं असतील तर मी टोफू घ्या म्हणेन. बदल मात्र एकदम करू नका. जुन्या लिटरमध्ये थोडं टोफू मिसळून सुरुवात करा, दर धुण्याला प्रमाण वाढवा, आणि मांजर ट्रेबाहेर बसू लागलं तर एक पायरी मागे या.