डीडी की पे ऑर्डर : नोंद करताना कुठे बघायचं?

पे ऑर्डर वाचायला सोपी. ती काढणारी बँक आणि पैसे देणारी बँक एकच असते, त्यामुळे वरचं नाव सरळ ‘अदाकर्ती बँक’ रकान्यात जातं. डीडीत मात्र शाखा दोन असू शकतात. साताऱ्यात काढलेला, पुण्यात देय असलेला डीडी घ्या. शिक्का आणि सह्या साताऱ्याच्या, म्हणून घाईत सातारा लिहिलं जातं. रजिस्टरला हवं असतं पुणे, आणि ते ‘Drawee Branch’ किंवा ‘Payable at’ यापुढे छापलेलं असतं.

नंबर मात्र दोन्हींत खालच्या पांढऱ्या एमआयसीआर पट्टीवरूनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. वरचा नंबर स्कॅनमध्ये शिक्क्याखाली जातो. पट्टीतले पहिले सहा अंक म्हणजे नंबर, पुढचे नऊ बँक-शाखेचा कोड. ‘004518’ एक्सेलमध्ये 4518 होतो, म्हणून रकाना आधीच टेक्स्ट करा.

रक्कम अक्षरांशी ताडून पाहा. पुसट स्कॅनमध्ये 3 आणि 8 सारखेच दिसतात. तारीख डीडी किंवा पे ऑर्डरवरची लिहा, तुम्हाला मिळाल्याची नव्हे. मुदत त्या तारखेपासून तीनच महिने, दोन्हींना.