वास्तुशांतीला ड्रिल द्यायचं ठरलं, पण वायरचं की बॅटरीचं?

बडोद्यात वासणा-भायली रस्त्याला आमच्या मित्राने फ्लॅट घेतला. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, घरी सुतार बोलवायचा तर रविवार जातो. घड्याळं आणि डिनर सेट त्यांना इतर देतीलच. आम्ही दोघांनी ड्रिल मशीन द्यायचं ठरवलं आणि अडलो ते दोन प्रकारांवर.

निर्णय खरं तर भिंतीवर आहे. पडद्याचे ब्रॅकेट खिडकीच्या वर लागतात आणि तिथे बहुतेक वेळा काँक्रीटचा बीम किंवा लिंटेल असतो. हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके द्यायची सोय, नसलेलं १२ व्होल्टचं बॅटरी ड्रिल तिथे नुसतं गरगरतं, बिट तापतो आणि भोक नखाएवढंच राहतं. ही सोय असलेलं वायरचं ५००-६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल ६ मिलीमीटरचं भोक पाडतं, सावकाश का होईना. एकाएकी पुढे जाईना आणि धातूचा आवाज आला, तर सळई लागली समजा. जोर लावू नका, इंचभर बाजूला घ्या.

भिंत कशाची हे भुकटी सांगते. लाल पडली तर वीट. पांढुरकी पडून बिट लोण्यात जावा तसा गेला तर हलका एएसी ब्लॉक. तिथे हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लास्टिकचा गट्टू सैल बसतो. टाइल्सवरही हॅमर नको.

बॅटरीवाल्याची बाजू वेगळीच. हलकं असतं, वायर पायात येत नाही, आणि पुढच्या क्लचच्या कड्यामुळे स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला जात नाही. कपाटाचे बिजागर, खुर्चीचे स्क्रू, मुलांचा पाळणा ही कामं दोघांपैकी कुणीही उचलून करतं. वायरचं मशीन त्या मानाने जड. बिट अडकला की मनगटाला हिसका देतं, म्हणून बाजूची मूठ धरायलाच हवी. उलट बॅटरी महिनोन्महिने न वापरता पडून राहिली तर तिचं आयुष्य घटतं, आणि साधारण तेवढ्याच ताकदीला पैसेही जास्त पडतात.

आमच्या मित्राकडे सहा खिडक्या, एकही पडदा लागलेला नाही. त्यामुळे वायरचं इम्पॅक्ट ड्रिल. पडदे आधीच लागलेल्या, किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या जोडप्याला मी बॅटरीवालंच देईन. तिथे भिंत फोडायचीच नसते.

नुसतं मशीन देऊ नका. ६ आणि ८ मिलीमीटरचे भिंतीचे बिट, त्याच मापाचे गट्टू, स्क्रू आणि टेपची एक गुंडाळी सोबत टाका. बिटवर गट्टूच्या लांबीहून किंचित पुढे टेप गुंडाळली की भोक कुठे थांबवायचं ते कळतं. एकाने स्टुलावर चढायचं, दुसऱ्याने घडी घातलेला कागद भोकाखाली धरून भुकटी झेलायची. बिल डब्यातच ठेवा आणि वॉरंटीसाठी नाव त्यांचंच लिहून घ्या.