स्टार्ट-स्टॉपवाली पेट्रोल गाडी, नागपूरचे सिग्नल आणि बॅटरीचा हिशेब

माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअरची आहे. आता तिने इथला एक हिवाळा, एक नवतपा आणि एक पावसाळा पाहिला आहे. मायलेज, सीट, डिक्की यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी फक्त स्टार्ट-स्टॉपबद्दल लिहितो. सोसायटीत सर्वांत जास्त गैरसमज त्याबद्दलच आहेत.

हिवाळ्यात ही सोय झकास चालते. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं आणि क्लच पुन्हा दाबला की सुरू. पहिला गिअर पडेपर्यंत इंजिन फिरत असतं, त्यामुळे मागच्याला हॉर्न वाजवायची संधी मिळत नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्माही इथे लागत नाही. यामागे नुसता ताकदवान स्टार्टर नाही. इंजिन गरम असतं, तेल सगळीकडे पोचलेलं असतं आणि इंजेक्टरच्या रेलमध्ये पेट्रोलचा दाब टिकून असतो. इंजिनचा कॉम्प्युटरही जागा असतो. एरवी गाडी सुरू करताना या कॉम्प्युटरला आधी क्रँक फिरवून कोणता पिस्टन कुठे आहे ते शोधावं लागतं, मगच तो पेट्रोल आणि ठिणगी देतो. अनेक स्टार्ट-स्टॉप गाड्यांमध्ये क्रँकचा सेन्सर उलट-सुलट दोन्ही दिशा ओळखतो. बंद होताना इंजिन शेवटी थोडं मागे ढकललं जातं, तेही तो मोजतो. म्हणून क्रँक नेमका कुठे थांबला हे कॉम्प्युटरच्या लक्षात राहतं आणि शोधाशोधीचा वेळ वाचतो. अर्ध्या सेकंदाच्या आसपास काम होतं. स्टार्टरही साध्या स्टार्टरपेक्षा कित्येक पट जास्त वेळा चालेल असा बनवलेला असतो, त्यामुळे ‘सेल्फ लवकर जाईल’ या भीतीत फारसा दम नाही.

खरा प्रश्न बॅटरीचा आहे. वारंवार सेल्फ मारावा लागतो म्हणून दणकट बॅटरी देतात, असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी एका संध्याकाळी निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर लावला आणि माझाही समज बदलला. इंजिन बंद, पण हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि स्क्रीन चालू असताना बॅटरीतून साधारण ३० अँपिअर जात होते. वर्धा रोडवर सिग्नल दीड मिनिटाचा धरला, तर ३० गुणिले ९० म्हणजे २७०० अँपिअर-सेकंद झाले. सेल्फ मारताना प्रवाह ३०० अँपिअर धरा, पण तो अर्धाच सेकंद. ते झाले १५०. म्हणजे गाडी सुरू करायला लागलं त्याच्या अठरा पट गाडी नुसती उभी असताना गेलं!

आता पुढचा सिग्नल तीन मिनिटांवर आहे असं समजा. तेवढ्यात हा खर्च भरून निघायचा तर बॅटरीने सरासरी जवळपास १६ अँपिअर करंट आत घ्यायला हवा. अल्टरनेटर तेवढा देऊ शकतो, पण बॅटरीने तो घ्यायलाही हवा. साधी बॅटरी एक जोरदार झटका द्यायला आणि नंतर भरलेल्या अवस्थेत पडून राहायला बनवलेली असते. ती सतत अर्धवट रिकामी राहिली की निगेटिव्ह प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ती चार्ज घ्यायला कुचराई करू लागते. त्यामुळे ती आणखी रिकामी राहते आणि खडे आणखी वाढतात. स्टार्ट-स्टॉप गाड्यांसाठी बनवलेल्या ईएफबी प्रकारच्या बॅटरीत निगेटिव्ह प्लेटमध्ये कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे ती चार्ज भराभर घेते. पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरची पातळ जाळी असते, ती वारंवारच्या चढउतारात प्लेटवरचा माल झडू देत नाही. दणकटपणा म्हणतात तो मुख्यतः हा.

शेजारच्या काकांच्या गाडीत याचा पुरावाच मिळाला. बॅटरी बदलताना एका दुकानदाराने त्यांना त्याच मापाची साधी बॅटरी बसवून दिली. डबा तोच, टर्मिनल तेच, पैसे कमी. काही महिन्यांत स्टार्ट-स्टॉप बंद झालं. स्टार्टर लागताना स्क्रीन विझून पुन्हा उजळायची, तीही तक्रार आधीपासून होती. दुकानदाराचं म्हणणं एकच होतं, “काका, एका सेल्फमध्ये सुरू होते न जी गाडी, मंग बॅटरी खराब कशी?” ऐकायला पटतं. पण सकाळचा एक सेल्फ ही फार सोपी परीक्षा आहे, सत्तर टक्के भरलेली बॅटरीही त्यात पास होते.

भाऊंनी रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज पाहिलं, ते १२.३५ निघालं. भरलेल्या बॅटरीत १२.६ ते १२.७ दिसायला हवं. मग रात्रभर चार्जर लावला. निगेटिव्हचा चिमटा बॅटरीवर नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटवर लावला, कारण निगेटिव्ह टर्मिनलवर बसलेला छोटा सेन्सर आत-बाहेर जाणारा करंट मोजतो आणि त्याला वगळून चार्ज केलं की गाडीचा हिशेब चुकतो. दुसऱ्या दिवशी स्टार्ट-स्टॉप सुरू झालं आणि आठवडाभरात पुन्हा बंद पडलं. इथे निदान झालं. सेन्सर बिघडला असता तर बाहेरून चार्ज करून फरक पडला नसता. बॅटरी भरल्यावर चालते, पण धावत्या गाडीत भरत नाही, असा त्याचा अर्थ होता. ईएफबी टाकली, स्कॅनरवर नवी बॅटरी नोंदवली आणि तक्रार संपली. किंमत साधीच्या दीडपटीच्या आसपास गेली, त्यावरून काका अजून कुरकुरतात.

उन्हाळ्याचं मात्र स्पष्ट सांगतो. मे महिन्यात ही सोय जवळपास नावालाच असते. इंजिन बंद झालं की पट्ट्यावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो. पारा ४५ च्या घरात असताना ब्लोअरची हवा मिनिटाच्या आत कोमट होते, मग गाडी स्वतःच इंजिन सुरू करते किंवा मुळात बंदच करत नाही. तो बिघाड नाही, त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठू नका. एसी कमी करून पाहा. तरीही महिनोन्महिने, थंडीतसुद्धा, लांबचा प्रवास करून आल्यावरही इंजिन बंद होत नसेल, तर व्होल्टेज तपासायची वेळ झाली.

बचतीचं म्हणाल, तर अशा इंजिनाला उभ्याउभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल लागतं. दीड मिनिटाच्या सिग्नलला साधारण बारा ते एकोणीस मिलिलिटर वाचतं. रोज सीताबर्डीतून जाणाऱ्याला ते जाणवेल. मिहानकडून मोकळ्या रस्त्याने येणाऱ्याला महागड्या बॅटरीचे पैसेही कदाचित वसूल होणार नाहीत. पण म्हणून साधी बॅटरी टाकू नये. बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद ठेवता येतं, पण बहुतेक गाड्यांत चावी फिरवली की ते परत चालू होतं आणि एखादे दिवशी दाबायचं राहतंच.

ईएफबीऐवजी एजीएम प्रकारची बॅटरी घेऊ का, असं बरेच जण विचारतात. ज्या गाडीत कंपनीने एजीएम दिली आहे तिथे एजीएमच टाका. पण बॉनेटखाली इंजिनच्या शेजारी ईएफबी आलेली असेल, तर नागपुरात ईएफबीवरच राहा. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत मोजकंच शोषलेलं असतं. उष्णतेने ते आटलं तर वरून पाणी घालायची सोय नाही. घेताना डब्यावर ईएफबी लिहिलेलं पाहा, बनवल्याची तारीख पाहा, आणि जुनी बॅटरी देऊन किती पैसे वळते होतात ते आधी ठरवून घ्या.