हस्ताक्षराचा मराठी फॉन्ट: चौकटीचा कागद भरावा, की तयार फॉन्टमध्ये अक्षरं बसवावीत?

ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसलं की लागणारी नावं घ्या: ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, तुर्भे. त्यात शेजारचं मुंब्रा घाला. हस्ताक्षराचा फॉन्ट मराठीत चालतो की नाही, हे एवढ्या सहा नावांत कळतं. म्हणून कुठलाही मार्ग निवडण्याआधी ही ओळ टाइप करून बघायची.

समजा, नौपाड्यातल्या एका घरात आईच्या पाककृतींची वही आहे आणि तिच्याच अक्षरात पुस्तिका छापायची आहे. दोन रस्ते आहेत. पहिला, `Calligraphr` सारखं संकेतस्थळ: चौकटींचा कागद छापायचा, प्रत्येक चौकटीत एक अक्षर लिहायचं, स्कॅन चढवायचं आणि फॉन्टची फाइल उतरवून घ्यायची. दुसरा, देवनागरीचे नियम आधीच असलेला मुक्त परवान्याचा फॉन्ट `FontForge` या फॉन्ट घडवण्याच्या प्रोग्राममध्ये उघडायचा, त्यातले आकार काढायचे आणि आईचे बसवायचे. तिसराही रस्ता आहे, सगळं शून्यापासून बांधण्याचा. तो अक्षररचनेचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी सोडून देऊ.

चौकटीचा रस्ता एका संध्याकाळीत संपतो आणि इंग्रजी अक्षरांसाठी खरंच चांगला आहे. मराठीची अडचण मोजणीपासूनच सुरू होते. व्यंजनं 34, ॲ आणि ऑ धरून स्वर 13, काना-मात्रा-वेलांट्या 12, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त मिळून 3, आकडे 10. झाले 72. यात पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, आणि एकही अर्धं अक्षर नाही. अर्ध्या अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच नाही. अर्धा स म्हणजे स आणि हलन्त. त्या जोडीऐवजी कुठला आकार दाखवायचा, हे फॉन्टमधला नियम सांगतो. चौकटीचं साधन एका युनिकोड अक्षराला एक चित्र चिकटवतं. हा नियम ते लिहीत नाही.

आता आपली सहा नावं. ठाणे, ऐरोली, रबाळे ठीक उमटतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटीही नाही. फसगत इथेच होते: माणूस आधी आपलं नाव टाइप करून बघतो, ते साधं असलं तर खूश होतो. दिघा लिहिलं की अनेकदा पहिली वेलांटी द च्या डावीकडे न जाता उजवीकडेच राहते आणि तिची कमान घ वर पडते. फॉन्टमध्ये देवनागरी लिपीची नोंदच नसेल, तर अक्षरांची जागा बदलणारी संगणकातली यंत्रणा त्याच्या वाटेला जात नाही. तुर्भे चं ‘तुर्‌भे’ होतं, रफार वर जातच नाही. मुंब्रा मध्ये पाय मोडलेला ब आणि पुढे अख्खा रा. अशा साधनांत दोन अक्षरं जोडून एक आकार देण्याची सोय असते खरी, पण ती इंग्रजीतल्या जोड्यांसाठी आहे. देवनागरीत काही प्रोग्राम ती लागू करतात, काही नाही. तिच्यावर पुस्तिका छापू नये.

दुसरं दुखणं शिरोरेषेचं. साधन प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडतं, तेव्हा रेघ तुटक दिसते. ती जागा शून्य केली तरी हाताने लिहिलेली रेघ प्रत्येक चौकटीत जराशी वर-खाली असते, त्यामुळे शब्दात पायऱ्या दिसतात. उपाय एकच: नमुने शिरोरेषेविना घ्यायचे आणि रेघ फॉन्टमध्ये काढायची, सगळीकडे त्याच उंचीवर, दोन्ही टोकांना अक्षराच्या हद्दीबाहेर 10 ते 15 एकक (अक्षराची चौकट 1000 एककांची धरून). शेजारच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि सांधा दिसत नाही. हे स्वयंचलित साधनात जमत नाही.

आई हयात नसेल, तर निर्णय आपोआप झाला. चौकटी भरायला कोणी नाही. वहीतूनच अक्षरं उचलायची. खरं तर आई समोर असली तरी तिला सुटी अक्षरं लिहायला लावू नये. चौकट दिसली की हात आखडतो आणि मुळाक्षरांच्या तक्त्यासारखं अक्षर येतं. शब्द लिहून घ्यावेत: ‘रस्ता’ मधून अर्धा स, ‘ज्योत’ मधून अर्धा ज, ‘वाऱ्यावर’ मधून य च्या आधीचा तो आडवा र. हा आडवा र मराठीला हवाच. नाहीतर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच होतात.

नमुने एकाच पेनाने, 600 डीपीआयवर स्कॅन करून. मोबाइलच्या फोटोत कडेची अक्षरं तिरपी होतात आणि सावलीही रेघ म्हणून उमटते. मग `Inkscape` या चित्रांच्या प्रोग्राममध्ये `Path > Trace Bitmap` ने अक्षराची बाह्यरेषा काढायची. यात निघालेल्या बाह्यरेषेवर अनेकदा शेकडो बिंदू असतात. `FontForge` मध्ये `Element > Simplify` करून एका अक्षराला 30-40 वर आणावेत, नाहीतर मोठ्या आकारात कडा कुरतडलेल्या दिसतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे प्रत्येक अक्षर वेगवेगळं मोठं-लहान करून एका उंचीला आणणं. 0.7 मिमी रेघेचं पेन घ्या. क 14 मिमी उंच लिहिला गेला आणि ख 10 मिमी. दोघांना एकाच उंचीला आणलं, की ख ची रेघ क पेक्षा 40 टक्के जाड होते. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण मजकुरात मधूनच ठळक अक्षरं खुपतात. सगळ्या पानाला एकच प्रमाण लावावं आणि फारच लहान आलेलं अक्षर पुन्हा शोधावं.

पाया म्हणून `Kalam` बरा. तोही हस्ताक्षराच्या वळणाचा आहे आणि त्याचा ओएफएल हा मुक्त परवाना बदल करू देतो. बदललेला फॉन्ट वाटायचा असेल, तर तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि नावही वेगळं ठेवावं. त्यातले नियम `Element > Font Info > Lookups` मध्ये दिसतात. त्यांना हात लावायचा नाही, फक्त आकार बदलायचे. एखादं अर्धं अक्षर नसलंच तर नियम असा लिहायचा:

```
feature half {
  script dev2;
  sub uni0938 uni094D by s_half;
  sub uni0931 uni094D by r_half;
} half;
```

पहिली ओळ अर्ध्या स ची, दुसरी ऱ च्या आडव्या रूपाची. `s_half` आणि `r_half` या नावांचे आकार फॉन्टमध्ये आधी असायला हवेत, आणि `uni0938` सारखी नावं त्या फॉन्टमध्ये वेगळी असतील तर तीच लिहावीत.

या रस्त्यानेही तुर्भे एकदा तपासावंच. तिथे भ च्या डोक्यावर मात्रा आणि रफार दोन्ही येतात, आणि पाया असलेल्या फॉन्टमध्ये बहुधा त्यांचं मिळून एक वेगळं चिन्ह असतं. ते बदलायचं राहिलं, तर सगळं पान आईच्या अक्षरात आणि तेवढा रफार परक्या हाताचा. ज्ञ, त्र, द्ध यांचंही तसंच होतं.

वेळेचा हिशेब सांगायचा तर दुसऱ्या रस्त्याला रोज तासभर धरून तीन-चार आठवडे जातात. मग निवड कशी करायची? वाढदिवसाच्या कार्डावर इंग्रजी नाव किंवा चार साधे शब्द हवे असतील, तर चौकटीचा कागद पुरे. त्यासाठी महिना घालवू नका. पाककृतींत मात्र ‘पाव वाटी मिश्रण’, ‘फोडणीत मोहरी तडतडल्यावर’ असली वाक्यं ओळीओळीला येतात, तिथे दुसऱ्या रस्त्याला पर्याय नाही. आणि एकच मुखपृष्ठ करायचं असेल, तर फॉन्टच नको; वहीतलं शीर्षक स्कॅन करून चित्र म्हणून वापरा.

छापखान्यात फॉन्टची फाइल देऊ नये. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जोडाक्षरं पुन्हा सुटतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी, आणि ती देण्याआधी त्यात तुर्भे, मुंब्रा यांच्यासारखे रफाराचे आणि जोडाक्षरांचे शब्द शोधून बघावेत.