रोजच्या रिजेक्शन रिपोर्टला कॉलम चार्ट की लिमिटवाली लाइन?

मशीन शॉपचा रोजचा रिजेक्शन टक्का साहेबांना सकाळी एका पानावर दाखवायचाय आणि चार्ट कुठला घ्यावा यात अडकलाय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. पाय चार्ट, थ्रीडी, डायल वगैरे सोडून देतो, रोज बदलणाऱ्या आकड्याला त्यांचा काही उपयोग नाही हे सगळ्यांना माहितीये. खरी निवड दोघांत उरते. एक म्हणजे कॉलम चार्ट, त्यावर टार्गेटची आडवी रेघ, टार्गेटच्या वर गेला की कॉलम लाल नाहीतर हिरवा. दुसरा म्हणजे साधी लाइन, मधे सरासरीची रेघ आणि वर-खाली एकेक लिमिट. क्वालिटीवाले याला कंट्रोल चार्ट म्हणतात, वेस्टर्न इलेक्ट्रिकमधे वॉल्टर शूहार्टनी 1924 मधे पहिल्यांदा मांडला तोच. रोजचा एकच आकडा असेल तर त्याचा एक्सएमआर हा प्रकार पुरतो.

दोन्ही मी चालवलेत. कॉलमचा फायदा खोटा नाहीये, कोणालाही शिकवावं लागत नाही, लाल म्हणजे वाईट हे सगळ्यांना कळतं, आणि महिन्याला एक असे वर्षाचे बारा कॉलम असतील तर तो छानच दिसतो. पण रोजचा डेटा टाकला की तीस कॉलम होतात, आणि कॉलम शून्यापासून काढावाच लागतो कारण डोळा त्याची उंची मोजतो, मग 2.1 आणि 2.6 हे जवळजवळ सारखेच दिसतात. लाइनला ती सक्ती नाही, 1 ते 4 एवढाच अक्ष घेतला तरी चालतं, त्यामुळे चढउतार लगेच कळतो.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आला तो लाल रंगाचा. लाल दिसला की मीटिंगमधे "काल काय झालं?" हा प्रश्न येणारच, आणि प्रश्न आला की सुपरवायझरला उत्तर द्यावंच लागतं. मग रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात "नवीन ऑपरेटर", "मटेरियल हार्ड", "इन्सर्ट उशिरा बदलला" अशी कारणं जमा होतात, आणि दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली आला की सगळ्यांना वाटतं कारवाईमुळे आला. खरंतर काहीच झालेलं नसतं. एक छोटं उदाहरण बघा, टार्गेट 2.5 टक्के आहे आणि दहा दिवसांचे आकडे असे आलेत: 2.1, 2.6, 1.9, 2.4, 2.8, 2.2, 2.5, 1.8, 2.3, 2.4. कॉलम चार्टवर यात दोन लाल, म्हणजे दोन चौकश्या.

आता याचंच एक्सएमआर करू. सरासरी येते 2.3. मग प्रत्येक दिवसाचा आदल्या दिवसाशी फरक काढायचा, वजाबाकीचं चिन्ह सोडून: 0.5, 0.7, 0.5, 0.4 असे नऊ फरक, त्यांची सरासरी साधारण 0.48. तिला 2.66 नी गुणायचं, म्हणजे 1.27, आणि ते सरासरीत मिळवायचं आणि वजा करायचं. वरची लिमिट 3.57, खालची 1.03. म्हणजे शॉप आज ज्या पद्धतीने चालतंय त्यात 2.8 हा आकडा येणारच, त्याला वेगळं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. टार्गेट ही आपली इच्छा, लिमिट ही मशीनची सवय, आणि चौकशी सवय मोडली की करायची. उद्या 4.1 आला तर मात्र त्याच दिवशी जाऊन फिक्स्चर बघा. (खालच्या लिमिटच्याही खाली गेला तर तेही बघा, बहुतेक वेळा चांगलं काम झालेलं नसतं, मोजायचं राहिलेलं असतं.)

एक्सेलमधे एवढंच लागतं, डेटा B2 ते B11 मधे आणि फरक C मधे धरून, C3 चा फॉर्म्युला C11 पर्यंत खाली ओढायचा:

```
C3: =ABS(B3-B2)
D2: =AVERAGE(B2:B11)
D3: =AVERAGE(C3:C11)
D4: =D2+2.66*D3
D5: =D2-2.66*D3
```

इथे दहा दिवस फक्त गणित समजायला घेतलेत, प्रत्यक्षात मी वीस-पंचवीस दिवसांवर लिमिट काढतो आणि मग गोठवतो. रोज नव्याने काढली तर प्रोसेस बिघडत जाते तशी लिमिटही तिच्यामागे सरकत जाते आणि बिघाड दिसतच नाही. दुसरं म्हणजे सुट्टीची ओळच ठेवायची नाही, रविवारी शून्य टाकलं तर लाइन तळाला आपटते आणि फरकांची सरासरी फुगते, मग लिमिट इतक्या रुंद होतात की काहीच बाहेर पडत नाही.

पण माझ्या मते तराजू झुकतो तो पुढच्या गोष्टीने. समजा त्या दहा दिवसांनंतर आकडे असे आले: 2.4, 2.5, 2.4, 2.4, 2.5, 2.4, 2.5, 2.4. एकही 2.5 च्या वर नाही. कॉलम चार्टवर आठही हिरवे, साहेब खूष, पान उलटलं. लाइनवर मात्र आठही बिंदू 2.3 च्या रेघेच्या वर. सलग आठ एकाच बाजूला आले की सरासरीच सरकली असं धरायचं, हा जुना नियम आहे. म्हणजे काहीतरी बदललंय, इन्सर्टचा मेक असेल, कूलंटचं प्रमाण असेल, नवीन हीटचं मटेरियल असेल, ते जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही, पण कधीपासून हे चार्टच सांगतो आणि त्यामुळे शोधायचं क्षेत्र खूप कमी होतं. लाल-हिरव्यात हे दिसायचा मार्गच नाही, कारण तिथे प्रत्येक दिवस एकटा टार्गेटशी भांडतो, शेजारच्या दिवसाशी त्याचं नातंच नाही.

लाइन सगळीकडे चालते असं मात्र नाही म्हणणार. दिवसाला वीसच नग निघत असतील तर एक रिजेक्ट म्हणजे 5 टक्के, लाइन नुसती उड्या मारते, तिथे आठवड्याचा आकडा घ्या. रोजच्या नगांची संख्या फार कमीजास्त होत असेल तर क्वालिटीवाल्यांना पी चार्ट विचारा. चार-पाच मशीनच्या लाइनी एकाच चार्टवर घालू नका, कुठली कोणाची ते शोधण्यात मीटिंग संपते, त्यापेक्षा एकाच अक्षाचे छोटे छोटे चार्ट एकाखाली एक लावा. आणि रिजेक्शन कशामुळे हा प्रश्न असेल, बोअर ओव्हरसाइज की डेंट की बर, तर तिथे लाइनचा उपयोग नाही, उतरत्या क्रमाने लावलेले आडवे बारच बरे.

साहेब लाल रंग सोडायला तयार नसतील तर वाद घालू नका. लाइन राखाडी ठेवा, लिमिटच्या बाहेरचा बिंदू तेवढा लाल करा, सलग आठ झाले की ते आठ केशरी, बाकी ग्रिडलाइन आणि प्रत्येक बिंदूवरचे आकडे काढून टाका, फक्त कालचा आकडा लिहा. टार्गेटची रेघ हवीच असेल तर बारीक तुटक काढा, पण रंग तिच्यावर लावू नका. आमच्याकडे कॉलम चार्ट आता फक्त महिन्याच्या आढाव्याला असतो, आणि कारणांचा रकाना अजून आहे, पण तो आता बहुतेक दिवस रिकामाच जातो.