वाऱ्याची भिंत की पाण्यावर पांघरूण?

बेळगावची डिसेंबरातली रात्र घ्या. खानापूर रस्त्यावरच्या एका शेतघराचा तापवलेला पोहण्याचा तलाव समजा, 12 बाय 6 मीटर; त्याची उष्णता वाचवायची आहे. पाणी 28 अंश, हवा 18 अंश, आर्द्रता 60 टक्के, वर मंद वारा.

वारा पृष्ठावरून उष्णता ज्या वाटेने नेतो, त्याच वाटेने वाफही नेतो. म्हणून उष्णतेचा गुणांक (इथे अंदाजे 10 वॉट प्रति चौ. मी. प्रति अंश) हवेची घनता, विशिष्ट उष्मा आणि उष्णता व वाफ हवेत पसरण्याच्या वेगातला फरक धरणारी लुईस दुरुस्ती (0.9) यांच्या गुणाकाराने भागला की वाफेचा गुणांक मिळतो: सुमारे 0.0092 मीटर प्रति सेकंद. पाण्यालगतच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे 27 ग्रॅम वाफ, वरच्या हवेत 9. फरक 18. म्हणजे तासाला सुमारे 43 लिटर पाणी उडतं, आणि त्यासाठी तब्बल 29 किलोवॉट उष्णता जाते. हवा तापवण्यात जाते जेमतेम 7.

भिंत किंवा दाट कुंपण घातलं आणि गुणांक 6 वर आला, तर 29 चे 17 होतात. त्याखाली फारसं जात नाही, कारण ओली उबदार हवा हलकी असल्याने आपोआप वर चढते. फायदा हा की पोहताना, दिवसाही भिंत कामाला येते.

तरंगतं प्लास्टिकचं आच्छादन वाफच अडवतं. काठापर्यंत नीट बसलं तर बाष्पीभवनाचा खर्च जवळजवळ शून्य. मात्र दहावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यातून 3 किलोवॉट जातातच. माझा कौल रात्रीसाठी निःशंक आच्छादनाला.

पातळी तरीही उतरत असेल तर पायरीवर तलावाच्याच पाण्याची बादली ठेवा आणि आच्छादन काढून ताडा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर गळती आहे.