शून्य टीडीएसच्या पाण्यापायी ₹१६,९०० गेले

‘टीडीएस शून्य, म्हणजे शंभर टक्के शुद्ध’ असं म्हणत कुणी जारवाला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. इथे इंदूरला, रामबागेत, आमच्याकडून असाच एकजण ₹१६,९०० घेऊन गेला. दिवसाआड २० लिटरचा एक जार, जारचे ₹८०, म्हणजे महिन्याचे ₹१,२०० आणि वर्षाचे आगाऊ ₹१४,४००. वर स्टँडचं डिपॉझिट ₹२,५००.

मुलगा मराठी बोलणारा, वागायला नम्र. सासूबाईंना म्हणाला, “आजी, गुडघे दुखतात ना? नर्मदेच्या पाण्यातला क्षार साठतोय.” मग दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याचं. वरून सळया असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं. आमच्या ग्लासात क्षणात हिरवट-तपकिरी गाळ, त्याचं पाणी मात्र नितळ. डोळ्यांसमोर असं दिसल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? मी शिकलेली आहे, तरीही ठेवला.

तो गाळ पाण्यातला नव्हताच. सळया लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गाळ होतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते नितळ राहतं. त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तिथेही तसाच गाळ येईल. स्वतः मात्र असले वायरचे प्रयोग करू नका.

त्याच्या मीटरवर आमच्या नळाचं पाणी २३० दाखवत होतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. म्हणजे आमचं पाणी या बाबतीत उत्तमच होतं! शिवाय ते मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतू दाखवत नाही.

मला कळायला हवं होतं ते पावतीवर. पावतीवर ‘पिण्याचे पाणी’ हे शब्दच नव्हते, ‘डी.एम. वॉटर’ लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, “डबल मिनरल, काकू.” त्या क्षणाचा आजही संताप होतो. पुढे चहा फिका लागायला लागला, तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेल्या पाण्याला कसनुसा वास येऊ लागला. घरात सगळे म्हणाले, शुद्ध पाणी असंच लागतं.

उलगडा केला इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याने. पाणी भरायला तो जो जार घेऊन आला, तो हुबेहूब आमचाच. “भाभीजी, ये तो बैटरी का पानी है, आप पीते हो?”

डी.एम. म्हणजे डिमिनरलाइज्ड, क्षार काढलेलं. बॅटरीला तेच हवं, कारण लोह आणि क्लोराइड तिच्या प्लेटा खराब करतात. वाफेच्या इस्त्रीत कॅल्शियमचा थर साचून भोकं बुजतात, दातांच्या दवाखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात आणि झोपेत श्वासासाठी लावायच्या यंत्राच्या पाणीटाकीतही थर नको असतो. यंत्राला क्षार नकोत, माणसाला हवेत: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडंफार पाण्यातूनही मिळतं. एक ग्लास प्यायल्याने विष होत नाही, पण रोजच्या पाण्यासाठी ते नाही. क्षार नसलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि भांड्याचा धातू सहज ओढून घेतं, म्हणून आमच्या कळशीला तो वास. आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या मण्यांमधून काढलेलं हे पाणी जंतुमुक्त असतंच असं नाही. रेझिनवर जंतू वाढू शकतात, आणि ते मारायला पाण्यात क्लोरीनही उरत नाही.

एवढं घेऊन तक्रारीला गेले. पहिल्या कार्यालयात म्हणाले, पावतीवर पिण्याचं पाणी लिहिलेलं नाही, म्हणून हे खाद्यपदार्थ ठरत नाही, आमच्याकडे येत नाही. अहो, तीच तर फसवणूक आहे! दुसरीकडे म्हणाले, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा तुमचा आपसातला व्यवहार. नमुना तपासा म्हटलं, तर आधी लेखी अर्ज द्या. अर्ज दिला, तर साहेब रजेवर. पुन्हा गेले तर अर्जच सापडेना. सासूबाईंना बॅटरीचं पाणी पाजलं गेलं याची एकालाही लाज वाटली नाही.

पिण्याच्या जारवर खाद्य परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाहा, आणि तो एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तपासा. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. रोख तर मुळीच नाही, माझ्याकडे निदान यूपीआयची नोंद आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

डिपॉझिटचे ₹२,५०० परत मागितले तर तो फोन उचलत नाही. उरलेले जार मी बॅटरीवाल्याला देऊन टाकले.